सारांशाचं इंग्रजी तपासताना

एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याने दोन वर्षं शेतात किंवा प्रयोगशाळेत राबून लिहिलेला प्रबंध पूर्ण वाचणारे लोक फार थोडे असतात. गाइड, परीक्षक आणि पुढे त्याच विषयावर काम करणारा एखादा विद्यार्थी, एवढेच. त्या प्रबंधातून तयार झालेल्या शोधनिबंधाचा सारांश मात्र पुष्कळजण वाचतात. महाविद्यालयात त्याला सगळे ॲब्स्ट्रॅक्टच म्हणतात. संपादक आधी तो वाचतो आणि निबंध परीक्षणाला पाठवायचा की नाही, याचा अंदाज बांधतो. परिषदेत निबंध मांडायची संधी बहुतेक वेळा नुसत्या सारांशावर मिळते. देशभरातल्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध ज्या ‘कृषिकोश’ संग्रहात ठेवले जातात, तिथे विषय शोधणाराही आधी सारांशावर नजर टाकतो आणि मगच पुढचं उघडायचं की नाही ते ठरवतो.

हा सारांश साधारण दोनशे ते तीनशे शब्दांचा असतो. प्रश्न काय होता, काम कसं केलं, काय आढळलं आणि त्यावरून काय म्हणता येतं, हे सगळं त्यात बसवायचं असतं. तो बहुधा सर्वांत शेवटी, घाईत लिहिला जातो. मग कुणा इंग्रजी बऱ्या असलेल्या माणसाकडे फाइल येते आणि सोबत निरोप असतो, “सर, जरा ग्रामर आणि स्पेलिंग बघून द्या, उद्या सबमिट करायचंय.” मागणाऱ्याची आणि देणाऱ्याचीही समजूत अशी असते, की लाल रेघा गेल्या म्हणजे काम झालं.

मी असे सारांश बरीच वर्षं तपासत आलो आहे. माझं म्हणणं असं, की सारांशातल्या व्याकरणाच्या निम्म्या चुका या नुसत्या व्याकरणाच्या नसतातच. क्रियापदाचा काळ, नामाआधीचं एक अक्षर, दोन संख्यांना जोडणारा एक शब्द यांच्यावर संशोधनाचा दावा ठरतो. त्या दुरुस्त करायच्या तर तपासणाऱ्याने विद्यार्थ्याला प्रश्न विचारावे लागतात. न विचारता केलेली दुरुस्ती दिसायला शुद्ध असते आणि कधीकधी मूळ चुकीपेक्षा जास्त नुकसान करते.

हे नुसतं सांगून पटणार नाही, म्हणून एक सारांश घेऊ. तो मी या लेखासाठी रचला आहे आणि त्यातले आकडेही उदाहरणापुरतेच आहेत. चुका मात्र नेहमी भेटणाऱ्या आहेत. विषय ओळखीचा आहे: सोयाबीनला गांडूळखत आणि रासायनिक खत एकत्र दिलं तर काय होतं. वाक्यं सहा आहेत.

एक: “अ फाइल्ड एक्स्पेरिमेंट विल बी कंडक्टेड ड्यूरिंग खरीप २०२३ टु स्टडी द इफेक्ट ऑफ व्हर्मिकम्पोस्ट अँड केमिकल फर्टिलायझर्स ऑन ग्रोथ अँड यील्ड ऑफ सोयाबीन.”

दोन: “द ट्रेल वॉज लेड आउट इन रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन विथ फाइव्ह ट्रीटमेंट्स व्हिच वॉज रेप्लिकेटेड फोर टाइम्स.”

तीन: “आफ्टर ड्राइंग इन ओव्हन ॲट ६५ डिग्री सेल्सिअस, वी रेकॉर्डेड ड्राय वेट ऑफ प्लांट्स.”

चार: “द इफेक्ट ऑफ डिफरंट डोसेस ऑफ फर्टिलायझर्स ऑन नंबर ऑफ पॉड्स वेअर सिग्निफिकंट.”

पाच: “टी-४ इज गिव्हिंग हायेस्ट सीड यील्ड (२१४० किलो पर हेक्टर) फॉलोड बाय टी-५ (२०८५ किलो पर हेक्टर).”

सहा: “हेन्स इट इज प्रूव्ड दॅट द फार्मर्स कॅन सेव्ह ट्वेंटी फाइव्ह पर्सेंट केमिकल फर्टिलायझर्स बाय यूजिंग व्हर्मिकम्पोस्ट.”

आधी तक्ता, मग व्याकरण

अशी फाइल आली की पहिलं वाचन पेन बाजूला ठेवून करावं आणि शेजारी निबंधातला निष्कर्षांचा तक्ता उघडा ठेवावा. याला कारण आहे. १९९९ साली अमेरिकेतल्या ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात रॉय पिटकिन आणि सहकाऱ्यांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. सहा नामवंत वैद्यकीय नियतकालिकांमधले सारांश त्यांनी मूळ निबंधांशी ताडून पाहिले. सारांशातली एखादी माहिती निबंधातल्या माहितीशी जुळत नाही किंवा निबंधात सापडतच नाही, असे सारांश नियतकालिकागणिक १८ टक्क्यांपासून ६८ टक्क्यांपर्यंत निघाले. संपादक आणि परीक्षक असलेल्या, जगभर वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकांची ही स्थिती होती. २१४० च्या जागी २१०४ टाइप झालं, तर ते कोणतंही स्पेलचेकर दाखवत नाही. तक्त्यावर बोट ठेवून ताडलं, तरच ती चूक दिसते.

आपल्या उदाहरणात आकडे तक्त्याशी जुळतात असं धरू. तक्त्यातून तपासणाऱ्याला आणखी तीन गोष्टी कळतात. टी-४ म्हणजे शिफारशीच्या ७५ टक्के रासायनिक खत आणि हेक्टरी अडीच टन गांडूळखत. टी-५ म्हणजे शिफारशीइतकं पूर्ण रासायनिक खत. आणि तक्त्याच्या तळाशी लिहिलेला क्रिटिकल डिफरन्स, म्हणजे ज्याला विद्यार्थी सी.डी. म्हणतात, तो आहे हेक्टरी १६८ किलो. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवू, पाचव्या वाक्यात तो लागणार आहे.

काळ कुठला?

पहिल्या वाक्यात प्रयोग ‘विल बी कंडक्टेड’, म्हणजे केला जाणार आहे. प्रयोग तर होऊन गेला. मग हा भविष्यकाळ आला कुठून? विद्यार्थ्याला काळ कळत नाही, असं नव्हे. काम सुरू करण्याआधी त्याने सिनॉप्सिस दिलेला असतो, त्यात सगळं भविष्यकाळातच असतं, आणि सारांश लिहिताना तिथलं वाक्य जसंच्या तसं उचललेलं असतं. हे वाक्य सुटं पाहिलं तर व्याकरणाने निर्दोष आहे, म्हणून संगणक त्याखाली रेघ ओढत नाही. सिनॉप्सिसमधून आलेली वाक्यं शोधायची सोपी रीत म्हणजे पूर्ण फाइलमध्ये ‘विल’ हा शब्द शोधणं. इथे ‘वॉज कंडक्टेड’ हवं.

पाचव्या वाक्यातला ‘इज गिव्हिंग’ याहून गंभीर आहे. मराठीत आपण “ही ट्रीटमेंट जास्त उत्पादन देते आहे” असं सहज म्हणतो आणि त्यात काही बिघडत नाही. इंग्रजी शोधनिबंधात मात्र काळांची एक वाटणी रूढ झाली आहे. आपण काय केलं आणि आपल्याला काय आढळलं, ते भूतकाळात. आधीपासून सर्वमान्य असलेलं किंवा सर्वत्र लागू आहे असं लेखकाचं म्हणणं असलेलं, ते वर्तमानकाळात. त्यामुळे ‘गेव्ह’ म्हटलं तर वाचक समजतो, की २०२३ च्या खरिपात त्या वीस प्लॉटांत एवढं उत्पादन आलं. ‘गिव्ह्ज’ म्हटलं तर तो समजतो, की ही मात्रा दिली की कुठेही, केव्हाही एवढं उत्पादन येतं. एका हंगामाच्या प्रयोगाला दुसरं विधान पेलत नाही. वर्तमानकाळ चालतो तो सारांशाच्या शेवटी, निष्कर्षाच्या वाक्यात, आणि तिथेही हात राखून.

कर्ता हरवतो, त्याचं कारण मराठीत आहे

चौथ्या वाक्यात ‘इफेक्ट’ एकवचनी आणि क्रियापद ‘वेअर’ अनेकवचनी. ही चूक शाळेतल्या मुलाची वाटते, पण चांगलं इंग्रजी असलेले विद्यार्थीही ती करतात. तेच वाक्य मराठीत म्हणून पाहू: “खतांच्या वेगवेगळ्या मात्रांचा शेंगांच्या संख्येवर झालेला परिणाम लक्षणीय होता.” इथे ‘खतांच्या’, ‘मात्रांचा’, ‘शेंगांच्या’ हे सगळं आधी येऊन गेलं आणि ‘परिणाम’ हा कर्ता क्रियापदाच्या जवळ आला. मराठीत विशेषणं आणि षष्ठीची रूपं नामाच्या आधी येतात, त्यामुळे वाक्य कितीही लांबलं तरी कर्ता आणि क्रियापद एकमेकांना दिसतात. इंग्रजीत ‘इफेक्ट’ आधी येतो आणि त्याच्यामागे ‘ऑफ’, ‘ऑफ’, ‘ऑन’, ‘ऑफ’ अशी शेपटी लागते. क्रियापदापर्यंत पोहोचेस्तोवर कर्ता नऊ शब्द मागे राहिलेला असतो आणि जवळ असतो ‘पॉड्स’. लिहिणाऱ्याचं मन जवळच्या अनेकवचनाशी क्रियापद जुळवून मोकळं होतं.

म्हणून इलाज असा: क्रियापदावर बोट ठेवायचं, मागे जात ‘ऑफ’, ‘ऑन’, ‘इन’ यांनी सुरू होणारा प्रत्येक तुकडा झाकायचा आणि उरलेलं वाचायचं. ‘द इफेक्ट वेअर सिग्निफिकंट’ एवढंच उरलं की चूक कानाला लागते. त्याहून चांगला इलाज म्हणजे शेपटीच छोटी करणं. ‘फर्टिलायझर डोस’ असं जोडलं की एक ‘ऑफ’ जातो.

दुसऱ्या वाक्यातलं ‘व्हिच वॉज रेप्लिकेटेड’ हेही वचनाचंच प्रकरण आहे, पण इथे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चार वेळा कशाची पुनरावृत्ती झाली? एकवचनी क्रियापदामुळे ‘व्हिच’ हा शब्द ‘डिझाइन’कडे बोट दाखवतो. प्रत्यक्षात पाच ट्रीटमेंट प्रत्येकी चार प्लॉटांत होत्या, म्हणजे एकूण वीस प्लॉट. हे विद्यार्थ्याकडून पक्कं करून घेतलं की ‘विथ फोर रेप्लिकेशन्स’ एवढ्यात काम होतं आणि ‘व्हिच’ची गरजच राहत नाही.

‘द’ कुठे आणि का

मराठीत ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांच्यासारखं काही नाही. “शेतकरी आला” म्हटलं की तो ओळखीचा की कुणीतरी, हे संदर्भावरून कळतं. म्हणून मराठी माणसाच्या इंग्रजीत आर्टिकलं एक तर गळतात किंवा भलतीकडे पडतात.

यातल्या काही जागा यांत्रिक आहेत, त्या भराभर भरता येतात. ‘इन रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन’ला ‘अ’ हवा, कारण डिझाइन मोजता येणारं, एकवचनी नाम आहे. ‘इन ओव्हन’ला ‘ॲन’ हवा. ‘हायेस्ट’च्या आधी ‘द’ हवा. ‘अ’ की ‘ॲन’ हे अक्षरावर ठरत नाही, उच्चारावर ठरतं. म्हणून ‘अ रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन’, पण त्याचंच लघुरूप वापरलं तर ‘ॲन आर.बी.डी.’.

सहाव्या वाक्यातला ‘द’ मात्र यांत्रिक नाही. ‘द फार्मर्स’ म्हणजे आधी ज्यांचा उल्लेख झाला ते शेतकरी. सारांशात तर आधी कुठल्याच शेतकऱ्याचा उल्लेख नाही. प्रयोग विद्यापीठाच्या शेतावर झाला होता, की काही शेतकऱ्यांच्या शेतांवर? हा प्रश्न विद्यार्थ्याला विचारावाच लागतो. शेतकऱ्यांच्या शेतांवर प्रयोग झाला असेल, तर ती मोठी माहिती आहे आणि पहिल्याच वाक्यात यायला हवी. विद्यापीठाच्या शेतावर झाला असेल, तर ‘द’ काढायचा. आपल्या उदाहरणात दुसरी स्थिती आहे.

ओव्हनमध्ये कोण वाळलं?

तिसरं वाक्य जसं आहे तसं वाचलं, तर आम्ही स्वतः ओव्हनमध्ये ६५ अंशांवर वाळलो आणि मग वजन नोंदवलं, असा अर्थ होतो. “ओव्हनमध्ये वाळवल्यानंतर रोपांचं वजन घेतलं” हे मराठीत अगदी स्वच्छ वाक्य आहे. ‘वाळवणं’ आणि ‘वाळणं’ ही दोन वेगळी क्रियापदं आपल्याकडे आहेत, म्हणून कुणी कुणाला वाळवलं याचा घोटाळा होत नाही. इंग्रजीत एकच ‘ड्राय’ दोन्ही कामं करतं, आणि वाक्याच्या सुरुवातीच्या सुट्या तुकड्याचा कर्ता वाचक पुढे लगेच येणाऱ्या नामात शोधतो. तिथे ‘वी’ बसलेला आहे.

या वाक्याचा अर्थ कुणी खरोखर चुकीचा घेणार नाही, हे खरं. पण हीच रचना इतरत्र अर्थ बिघडवते. “खत दिल्यानंतर तीस दिवसांनी” हे पेरणीला लागू की फवारणीला, असा प्रश्न पडला तर वाचकाला प्रयोग पुन्हा करता येणार नाही. म्हणून असा तुकडा दिसला की त्याला स्वतःचा कर्ता द्यावा: आधी रोपं वाळवली, मग त्यांचं वजन घेतलं.

सर्वाधिक म्हणजे खरंच सर्वाधिक?

पाचव्या वाक्यात वर्तमानकाळ आणि गळलेला ‘द’ दुरुस्त केला, की ते व्याकरणाने शुद्ध होतं: ‘टी-४ गेव्ह द हायेस्ट सीड यील्ड, फॉलोड बाय टी-५’. बरेच तपासणारे इथेच थांबतात. आता तक्ता बघू. टी-४ चं उत्पादन २१४०, टी-५ चं २०८५. फरक ५५ किलोंचा. सी.डी. १६८ किलो. याचा अर्थ, दोन ट्रीटमेंटमधला फरक १६८ किलोंपेक्षा जास्त असेल तरच तो खताचा परिणाम मानायचा. त्याहून कमी फरक जमिनीतल्या चढउतारामुळे किंवा निव्वळ योगायोगानेही येऊ शकतो. ५५ हा आकडा त्या रेषेच्या खूप खाली आहे. म्हणजे टी-४ आणि टी-५ यांच्यात पहिला आणि दुसरा असा क्रम लावताच येत नाही. ‘फॉलोड बाय’ या दोन शब्दांनी तो लावला आहे.

अशा वेळी आपल्याकडचे कृषी विद्यार्थी ‘ॲट पार’ लिहितात. आपल्या प्रबंधांमध्ये तो शब्दप्रयोग इतका मुरला आहे, की परीक्षकही तोच वापरतात. परदेशी नियतकालिकाच्या वाचकाला तो अनोळखी वाटतो, म्हणून तिथे ‘डिड नॉट डिफर सिग्निफिकंटली’ लिहिणं बरं. त्यात आणखी एक फायदा आहे. ‘ॲट पार’ वाचून दोन्ही उत्पादनं समान आहेत असा ग्रह होतो. खरं तर या प्रयोगाला त्यांच्यातला फरक दाखवता आला नाही, इतकंच सिद्ध झालं आहे. वीस प्लॉटांच्या प्रयोगाला लहान फरक पकडता येत नाही, आणि ‘डिफर’ असलेलं वाक्य तेवढंच प्रामाणिकपणे सांगतं.

टी-४, टी-५ ही नावंही सारांशातून काढून टाकावीत. ती प्रबंधातल्या तक्त्यापुरती असतात. नुसता सारांश वाचणाऱ्याला टी-४ म्हणजे काय हे कळायला मार्ग नसतो. ‘खरीप’चंही तसंच आहे. भारतीय नियतकालिकात तो शब्द चालतो, बाहेरच्या वाचकासाठी ‘मॉन्सून सीझन’ लिहावं.

सिद्ध झालं की सुचतं?

सहाव्या वाक्यातलं ‘इट इज प्रूव्ड’ हे व्याकरणाने बरोबर आहे. पण एका ठिकाणच्या, एका हंगामाच्या प्रयोगाने असं काही सिद्ध होत नाही. पुढच्या वर्षी पाऊस वेगळा असेल, दुसऱ्या तालुक्यात जमीन वेगळी असेल. म्हणून निष्कर्षाचं क्रियापद ‘सजेस्ट’ किंवा ‘इंडिकेट’ असावं. याच्या उलट टोकाला जाऊन काही विद्यार्थी ‘मे पॉसिबली सजेस्ट’ असं तिहेरी मऊ लिहितात, तेही टाळावं. एका वाक्यात एक हातचा पुरे.

‘सेव्ह’ या शब्दापाशीही थांबायला हवं. गांडूळखतातही नत्र, स्फुरद, पालाश असतात. रासायनिक खत पाव भागाने कमी केलं आणि त्या जागी अडीच टन गांडूळखत घातलं, तर ती बदली झाली. तिला बचत म्हणायचं, तर गांडूळखताची किंमत आणि मजुरी धरून हिशेब मांडलेला असायला हवा. तो निबंधात असेल, तर आकडा सारांशात आणावा. नसेल, तर ‘रिप्लेस’ हा शब्द खरा. ही शंका तपासणाऱ्याने समासात लिहावी आणि निर्णय विद्यार्थ्यावर व त्याच्या गाइडवर सोडावा.

स्पेलिंग सर्वांत शेवटी

स्पेलिंग शेवटी पाहायचं, कारण वाक्यं बदलताना नव्या चुका शिरतात. संगणक ज्या शब्दाखाली लाल रेघ ओढतो, त्याची काळजी फारशी करायची नसते. काळजी करायची ती चुकून दुसराच खरा शब्द टाइप झाला, त्याची. पहिल्या वाक्यात ‘फील्ड’ लिहायचं होतं. शेवटी ‘ई-एल-डी’ हवं, तिथे ‘एल-ई-डी’ पडलं आणि शेताचा प्रयोग दप्तरात दाखल केलेला प्रयोग झाला. दुसऱ्या वाक्यात ‘ट्रायल’मधला ‘आय’ आणि ‘ए’ उलटे पडले आणि चाचणीची पायवाट झाली. ‘फ्रॉम’चं ‘फॉर्म’ आणि कार्यकारण दाखवणाऱ्या ‘कॉझल’चं ‘कॅज्युअल’, हीही याच घराण्यातली. अशा शब्दांची स्वतःची यादी करावी आणि प्रत्येक फाइलमध्ये एकेक शब्द ‘फाइंड’मध्ये टाकून पाहावा.

पिकाच्या नावाचं स्पेलिंग तर फारच जपायला हवं. सोयाबीन इंग्रजीत दोन प्रकारे लिहितात, ‘सोय’ला लागून ‘बीन’ किंवा मध्ये ‘ए’ घालून. भारतात दुसरं पुष्कळ दिसतं, आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत पहिलं. शीर्षकात एक आणि सारांशात दुसरं असेल, तर नाव टाइप करून शोधणाऱ्याच्या हाती निबंध लागेलच असं नाही. गंधकाचंही असंच. ब्रिटिश रिवाजात त्याच्या स्पेलिंगमध्ये ‘पी-एच’ येतं, पण रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, आययूपॅकने, १९९० मध्ये ‘एफ’चं रूप स्वीकारलं. कोणतं वापरायचं हे नियतकालिक सांगतं, तपासणाऱ्याने ते सगळीकडे एकच आहे ना, एवढं पाहायचं. सोयाबीनचं शास्त्रीय नाव, ग्लायसिन मॅक्स, तिरप्या अक्षरांत हवं, पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं आणि दुसऱ्याचं लहान. संगणकाची आपोआप दुरुस्ती अशा नावांवर हटकून हात चालवते, म्हणून ती सारांशापुरती बंद ठेवलेली बरी.

दुरुस्त झालेला सारांश

विद्यार्थ्याची उत्तरं मिळाल्यावर आपला सारांश असा होतो:

“अ फील्ड एक्स्पेरिमेंट वॉज कंडक्टेड ड्यूरिंग द मॉन्सून सीझन ऑफ २०२३ टु स्टडी द इफेक्ट ऑफ व्हर्मिकम्पोस्ट अँड केमिकल फर्टिलायझर्स ऑन द ग्रोथ अँड यील्ड ऑफ सोयाबीन. फाइव्ह ट्रीटमेंट्स वेअर कम्पेअर्ड इन अ रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन विथ फोर रेप्लिकेशन्स. द प्लांट्स वेअर ड्राइड इन ॲन ओव्हन ॲट ६५ डिग्री सेल्सिअस बिफोर देअर ड्राय वेट वॉज रेकॉर्डेड. द इफेक्ट ऑफ फर्टिलायझर डोस ऑन द नंबर ऑफ पॉड्स पर प्लांट वॉज सिग्निफिकंट. द सीड यील्ड विथ ७५ पर्सेंट ऑफ द रेकमेंडेड डोस प्लस २.५ टन्स ऑफ व्हर्मिकम्पोस्ट पर हेक्टर (२१४० किलो पर हेक्टर) डिड नॉट डिफर सिग्निफिकंटली फ्रॉम दॅट विथ द फुल डोस (२०८५ किलो पर हेक्टर). द रिझल्ट्स ऑफ धिस सीझन सजेस्ट दॅट व्हर्मिकम्पोस्ट कॅन रिप्लेस अ क्वॉर्टर ऑफ द केमिकल फर्टिलायझर विदाउट अ सिग्निफिकंट लॉस ऑफ यील्ड.”

चौथ्या वाक्यात ‘पर प्लांट’ वाढलं, कारण शेंगा प्रत्येक झाडावरच्या मोजल्या होत्या की प्रत्येक चौरस मीटरमधल्या, हे विचारावं लागलं. तिसरं वाक्य अजूनही सारांशात हवंच असं नाही. रोपं कशी वाळवली, हे पद्धतीच्या प्रकरणात येतंच. शब्दमर्यादा घट्ट असेल तर ते गाळून त्या जागी खत न दिलेल्या प्लॉटांचं उत्पादन द्यावं, म्हणजे वाचकाला दोन्ही आकडे कशाशी तोलायचे ते कळेल. पण हाही सल्लाच. काय गाळायचं, ते लेखकाने ठरवायचं.

हे करताना तपासणाऱ्याने दोन पथ्यं पाळायची असतात. पहिलं, प्रत्येक बदल ‘ट्रॅक चेंजेस’ चालू ठेवून करायचा, म्हणजे काय होतं आणि काय झालं ते विद्यार्थ्याला दिसतं. दुसरं, आकडा, एकक, शास्त्रीय नाव आणि निष्कर्षाचं क्रियापद यांना परस्पर हात लावायचा नाही. तिथे समासात प्रश्न लिहायचा. विद्यार्थ्यानेही सगळे बदल एका टिचकीत स्वीकारू नयेत, कारण निबंधावर नाव त्याचं असतं आणि व्हायवाला उत्तर त्यालाच द्यायचं असतं.

फाइल परत घेताना विद्यार्थ्याने एक गोष्ट करावी, तिला दहा मिनिटंही लागत नाहीत. सारांशातलं प्रत्येक इंग्रजी वाक्य वाचून ते काय म्हणतं, हे आपल्या मराठीत मोठ्याने सांगायचं आणि विचारायचं, मी शेतात हेच पाहिलं होतं का? “टी-चार सर्वांत चांगली निघाली” असं तोंडातून आलं आणि सी.डी. आठवून जीभ अडखळली, तर ते वाक्य अजून तपासायचं राहिलं आहे, मग त्यातलं इंग्रजी कितीही शुद्ध असो.